विडी, झडप आणि लाळ

छातीत जळजळ होते म्हणून येणारा माणूस विड्या किंवा सिगारेट ओढणारा असला, तर दिवसाला किती ओढता हे मी नंतर विचारते. आधी विचारते, सकाळी उठल्यावर पहिली कधी पेटवता आणि जळजळ दिवसातून कुठकुठल्या वेळी होते. आकडा माणसं बहुधा कमी करून सांगतात, बायको शेजारी बसली असेल तर आणखीच कमी. वेळ मात्र खरी सांगतात, कारण तिच्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही. या दोन वेळा शेजारीशेजारी लिहिल्या की पुष्कळदा अर्धं निदान त्या कागदावरच दिसायला लागतं.

मी सोलापुरात पोटविकारांची डॉक्टर आहे. चादरी-टॉवेलचे यंत्रमाग आणि विडी उद्योग यांवर इथली किती घरं चालतात हे सांगायला नको. माझ्याकडे येणाऱ्यांत रात्रपाळी करणारे कामगार बरेच असतात आणि त्यांच्या घरातल्या बायका विड्या वळणाऱ्या. अशाच एका जोडप्याची हकिगत सांगते. तिच्यात व्रण आणि जळजळ या दोन वेगळ्या गोष्टी एकाच माणसाच्या पोटात एकत्र आल्या होत्या, आणि विडीचा दोन्हींशी संबंध असला तरी तो सारखा नव्हता.

ते कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला माग उघडून दुरुस्त करून पुन्हा चालू करणारे. वय चव्वेचाळीस, अंगानं सडपातळ. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. दिवसाला एक बंडल विड्या, रात्रपाळी असली की त्याहून जास्त. "मॅडम, इथं आग व्हायलीय," म्हणत त्यांनी छातीच्या मधल्या हाडावरून बोट वर घशापर्यंत नेलं. मग तोच हात खाली आणून बेंबीच्या वर एका जागी टेकवला. "आणि रात्री दोन वाजता हितं कुरतडतंय. बिस्कीट खाल्लं की थांबतंय."

ही दोन बोटं मला महत्त्वाची वाटली. खालून वर जाणारी आग, आंबट पाणी घशाशी येणं, वाकलं की वाढणं, ही अन्ननलिकेची तक्रार. एका जागी कुरतडणं, पोट रिकामं असताना येणं आणि खाल्लं की थांबणं ही लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणाची ठरलेली लक्षणं. माणसं दोन्हींना मिळून 'अ‍ॅसिडिटी' म्हणतात आणि दोन्हींवर तीच गोळी घेतात. यांनीही आठ महिने औषधाच्या दुकानातून आणून रोज एक गोळी घेतली होती. ती घ्यायचे सकाळी घरी आल्यावर, चहा आणि विडी झाल्यानंतर. आम्ल कमी करणारी ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी रिकाम्या पोटी घ्यायची असते. जठरातले आम्ल तयार करणारे पंप अन्न येताना कामाला लागतात आणि कामाला लागलेला पंपच ती बंद करू शकते. चुकीच्या वेळी घेतल्यामुळे तिचा निम्मा उपयोग वाया जात होता. वेदनाशामक गोळ्या घेता का, हेही मी खोदून विचारलं, कारण पाठदुखीसाठी घेतलेल्या त्या गोळ्या व्रणाचं दुसरं मोठं कारण असतात. घेत नव्हते.

दुर्बिणीआधी ईसीजी काढला. पंचेचाळिशीकडे आलेला, धूम्रपान करणारा पुरुष छातीत जळतंय म्हणून आला, तर ते जळणं हृदयाचं नाही याची खात्री आधी करून घ्यावीच लागते. चालताना किंवा जिना चढताना येणारी, थांबलं की कमी होणारी, घाम फोडणारी किंवा डाव्या हाताकडे, जबड्याकडे जाणारी जळजळ पित्ताची समजून घरी बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. तंबाखू दोन्हीकडे हात घालते, म्हणून ही शंका ओढणाऱ्यांच्या बाबतीत जास्तच घ्यावी लागते. यांचा ईसीजी ठीक होता आणि माग ढकलताना, जिने चढताना काही होत नव्हतं.

दुर्बिणीच्या तपासणीला रुग्ण सहा तास उपाशी लागतो. घशात बधिर करणारा फवारा मारतो, डाव्या कुशीवर झोपवतो आणि दातांमध्ये प्लास्टिकची कडी देतो. करंगळीपेक्षा बारीक नळी घशातून खाली गेली की पडद्यावर आधी अन्ननलिका येते. निरोगी अन्ननलिकेचा रंग फिकट गुलाबी, मोत्यासारखी किंचित चकाकी असलेला. यांची वरची अन्ननलिका तशीच होती, पण जठराशी जुळते तिथे दोन लाल चरे वर चढलेले दिसले. एकेक चरा पाच मिलिमीटरहून लांब, पण एका घडीवरून दुसरीवर गेलेला नव्हता. आमच्या वर्गीकरणात याला 'बी' दर्जा म्हणतात. 'ए' सौम्य आणि 'डी' सर्वांत वाईट. नळी जठरातून पुढे आतड्याच्या पहिल्या भागात शिरली आणि समोरच्या भिंतीवर व्रण दिसला. वाटाण्याएवढा, तळाशी पांढरा, कडा सुजून लाल झालेल्या. तळाशी काळा ठिपका किंवा उघडी रक्तवाहिनी नव्हती, म्हणजे त्यातून नुकताच रक्तस्राव झालेला नव्हता.

परत येताना जठराच्या खालच्या भागातून आवरणाचे दोन बारीक कण काढले आणि पिवळ्या जेलच्या छोट्या चकतीत टाकले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, त्यामुळे तो असेल तर जेल गुलाबी होतं. आमची सिस्टर चकतीवर वेळ लिहिते आणि टेबलावर ठेवते. यांची चकती बघताबघता गडद गुलाबी झाली. ही तपासणी बिनचूक यायची तर आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आधी बंद असावी लागते, कारण ती जंतूला दाबून ठेवते आणि चकती पिवळीच राहू शकते. यांनी 'काही उपयोग नाही' म्हणून महिनाभरापूर्वीच गोळी सोडली होती.

दोघांना समोर बसवून मी कागदावर पोटाचं चित्र काढलं. वहिनींनी पहिलाच प्रश्न विचारला, "विड्यांनीच झालं ना हे?" त्या स्वतः विड्या वळतात. त्यांच्या आवाजात आरोप होता की भीती, कळलं नाही. मी त्यांना तपशिलानं उत्तर दिलं, आणि इथेही देते, कारण या प्रश्नाला नुसतं हो म्हटलं तर अर्धं खोटं होतं.

व्रणाचं मूळ कारण तो जंतू. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो जठरातून बाहेर काढून वाढवला आणि २००५ साली त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी डॉक्टरही व्रणाचं खापर काळजी, तिखट आणि रागीट स्वभावावर फोडत. आपल्याकडे हा जंतू निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात असतो, बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांना आयुष्यभर काहीही होत नाही. व्रण होतो तो काहींनाच. अशा काहींमध्ये कोण जातो, आणि झालेला व्रण भरतो की चिघळतो, इथे विडी येते.

आतड्याचा तो पहिला भाग जठरातून आलेलं आम्ल सोसतो, कारण स्वादुपिंडातून आणि आतड्याच्या आवरणातून त्यावर बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाचा उतारा, येत असतो. धूम्रपानानं हा स्राव घटतो. आवरणाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि आवरणाचं रक्षण करणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थही कमी तयार होतात. जंतू भिंत पोखरतो, आम्ल तिथे आत शिरतं, आणि दुरुस्तीचं सामान घेऊन येणारं रक्तच कमी पोचतं. जंतू सापडण्याआधीच्या काळात हा फरक आकड्यांत दिसून गेला होता. १९८४ साली अमेरिकेत बऱ्या झालेल्या व्रणाच्या रुग्णांना वर्षभर सिमेटिडीन हे त्या वेळचं नावाजलेलं औषध किंवा औषध नसलेली बनावट गोळी देऊन पाहिलं. औषध घेऊन धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना व्रण परत आला. धूम्रपान न करणाऱ्यांना बनावट गोळी मिळाली, तरी त्यांच्यापैकी २१ टक्क्यांनाच आला. आज सिमेटिडीन फारसं कुणी देत नाही, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत असेच आहेत.

आजची गोष्ट थोडी वेगळी आहे. जंतू पुरता गेला तर ओढणाऱ्या माणसातही व्रण परत येण्याचा धोका खूपच कमी होतो. अडचण अशी की जंतू घालवण्याचा चौदा दिवसांचा उपचारच धूम्रपान करणाऱ्यांत जास्त वेळा फसतो. म्हणून या चौदा दिवसांत विडी नको हा माझा आग्रह असतो, पुढचं पुढे बघू. यांना बिस्मथ, दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी असा चार औषधांचा उपचार दिला. बिस्मथनं शौच काळी होते हे मी वहिनींना बजावून सांगितलं, कारण व्रणातून रक्त गेलं तरीही ती काळीच होते. फरक असा की रक्ताची काळी शौच डांबरासारखी चिकट असते, तिला उग्र घाण वास येतो आणि माणसाला चक्कर, थकवा जाणवतो. नुसती काळी, घट्ट, नेहमीसारखी असेल तर औषधाची. चिकट असेल, किंवा रक्ताची उलटी झाली, तर वेळ न बघता दवाखान्यात यायचं.

आता जळजळ. व्रणाच्या बाबतीत विडी जंतूची साथीदार असते, अन्ननलिकेच्या बाबतीत मात्र तिचा स्वतःचा, थेट हात आहे. लोकांना वाटतं की धूम्रपानानं पोटात आम्ल फार तयार होतं आणि म्हणून जळतं. जळजळ असलेल्या बहुतेकांच्या जठरात आम्ल इतरांएवढंच असतं. ते नको तिथे येतं आणि आलेलं लवकर जात नाही. या दोन्ही गोष्टींशी विडीचा संबंध आहे.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. आम्ही सोयीसाठी त्याला झडप म्हणतो. विश्रांतीत त्याचा दाब साधारण १० ते ३० मिलिमीटर पारा एवढा असतो. घास गिळला की ते उघडतं आणि मग पुन्हा आवळतं. निकोटीन या स्नायूला सैल करतं. १९७१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी माणसांच्या अन्ननलिकेत दाब मोजणारी नळी ठेवून त्यांना सिगारेट ओढायला दिली. ओढायला लागल्यावर काही मिनिटांतच दाब खाली गेला आणि ओढून झाल्यावर काही मिनिटांत पूर्ववत झाला. ही गोष्ट मला रुग्णांना सांगायला आवडते, कारण इथे नुकसान कायमचं नाही. प्रत्येक विडीबरोबर ते नव्यानं होतं आणि विडी नसली की थांबतं.

सैल पडलेली झडप एकटी सगळी आग लावत नाही. ती सैल असताना पोटावर दाब आला की आम्ल वर उसळतं, आणि ओढणाऱ्यांत तो दाब येतो खोकल्यामुळे आणि खोल झुरक्यामुळे. सिगारेट एकदा पेटवली की जळत राहते. विडी तशी राहत नाही. तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, म्हणून ती विझू नये यासाठी माणसाला पुन्हापुन्हा आणि जोरानं ओढावं लागतं. जॉबरांना मी म्हटलं, एक विडी ओढून दाखवू नका, पण कशी ओढता ते हातवारे करून दाखवा. त्यांनी गाल आत ओढले, छाती भरून घेतली आणि शेवटी सवयीनं खोकले. झडप सैल असताना पोटातलं पाणी वर यायला एवढं पुरतं. तेही ते मागाखाली वाकून काम करता करता ओढत असत.

आलेलं आम्ल परत खाली जाणं हा दुसरा भाग, आणि माझ्या मते यावर फार कमी बोललं जातं. अन्ननलिकेत आम्ल आलं की ती आकुंचन पावून एकदोन लाटांत बहुतेक सगळं खाली ढकलते. तरी भिंतीला पातळ थर चिकटून राहतो आणि जाळण्याचं काम तोच करतो. तो निवतो लाळेनं. लाळेत बायकार्बोनेट असतं आणि आपण जागेपणी नकळत एकेक घोट लाळ गिळत असतो, प्रत्येक घोट त्या थरातलं थोडं आम्ल मारतो. १९८९ साली पीटर कहरिलास आणि त्यांच्या सहकाऱ्यानं धूम्रपान करणाऱ्यांच्या अन्ननलिकेत मोजून आम्ल सोडलं आणि ते निवळायला किती वेळ लागतो ते पाहिलं. न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट वेळ लागला. अन्ननलिकेच्या लाटा ठीक होत्या, लाळ कमी पडत होती, तिच्यात आम्ल मारण्याची ताकद कमी होती. झोपेत तर लाळ जवळजवळ थांबते. म्हणून शेवटची विडी ओढून लगेच अंथरुणावर पडणाऱ्याचं दुहेरी नुकसान होतं: सैल झडपेतून आम्ल वर येतं, आणि ते धुवायला लाळ नसते. जॉबर रात्रपाळी संपवून सकाळी घरी येत, चहा, विडी, भाकरी आणि लगेच आडवे. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलेल्या वेळा मी लिहिल्या होत्या. जळजळ सर्वांत जास्त सकाळी नऊ ते अकरा, झोप लागताना.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. विडी सोडली की उद्यापासून आग थांबेल असं वचन मी देत नाही. धूम्रपान करणाऱ्यांना चोवीस तास थांबवून अन्ननलिकेतलं आम्ल मोजलं, तेव्हा ते वर येण्याचे प्रसंग कमी झाले, पण दिवसभरात आम्ल तिथे राहण्याचा एकूण वेळ लगेच फारसा बदलला नाही. झडप मिनिटांत सावरते. सुजलेल्या आवरणाला भरून यायला आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून विडी पुन्हा पेटवणारे यामुळेच फसतात.

आता सोडण्याबद्दल, कारण पोटाच्या डॉक्टरला इथे जे दिसतं ते सल्ल्याच्या पत्रकांवर क्वचितच असतं. जॉबर उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी पेटवत, म्हणजे अवलंबित्व भारी. अशांना निकोटीनचा चार मिलिग्रॅमचा च्युइंगगम देतात. त्यांना दिला, आणि पाचव्या दिवशी फोन आला: "मॅडम, विडी सुटली, पण ही गोळी खाल्ली की आग लागतीय, उचकी पण लागतीय." त्यांना बोलावलं आणि समोर एक गम खायला लावला. ते तो भराभरा चावून रस गिळत होते. हा गम चिंगमसारखा खायचा नसतो. तोंडात तिखटपणा जाणवेपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, तिखट विरला की पुन्हा दोनचार वेळा चावायचं, असं अर्धा तास. निकोटीन गालातून शोषलं जायला हवं. गिळलं तर ते पोटात जाऊन जळजळ आणि उचकी देतं आणि तलफही भागत नाही. आमच्याकडे तंबाखू-चुना मळून दाढेत धरणारे लोक ही पद्धत पटकन शिकतात, विडीवाल्यांना शिकवावी लागते. चहानंतर पंधरा मिनिटं गम खायचा नाही, तोंड आंबट असलं की निकोटीन शोषलं जात नाही. तरीही गमनं जळतच राहिलं तर त्वचेवर लावायची पट्टी देतो, तिचा पोटाशी थेट संबंध येत नाही. मात्र विडीऐवजी तंबाखू किंवा मिश्री सुरू करणं हा मार्ग नव्हे. निकोटीन तेच राहतं, रस पोटात जातो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका डोक्यावर बसतो.

चहाची गोष्टही वेगळी सांगावी लागते. धूर यकृतातल्या एका विकराला जोरात कामाला लावतो, आणि तेच विकर कॅफिन फोडतं. विडी थांबली की ते मंदावतं. मग पूर्वीइतकाच चहा घेतला तरी रक्तात कॅफिन बरंच जास्त राहतं. माणूस अस्वस्थ होतो, झोप उडते, त्याला वाटतं हे विडी नसल्यामुळे. शिवाय हात रिकामे म्हणून चहाच वाढतो आणि चहानं कुणाकुणाची जळजळ चाळवते. मी चहा निम्मा करायला सांगते. तशीच शौचाची गोष्ट. 'विडीशिवाय साफ होत नाही' हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते आणि ते खोटं नाही. निकोटीन आतड्याला चालना देतं, सोडल्यावर बऱ्याच जणांना काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. त्यावर पाणी, पालेभाजी, लागलंच तर इसबगोल. हे आधी सांगितलं नाही, तर तिसऱ्या दिवशी माणूस संडासासाठी म्हणून पुन्हा विडी ओढतो आणि मग ती एक विडी तिथेच थांबत नाही.

जॉबरांचं पोटातलं कुरतडणं दहा दिवसांत थांबलं. ते औषधांमुळे, याबद्दल मला शंका नाही. छातीतली आग हळू उतरली. गोळी आता ते जेवणाआधी घेत होते, विडी बंद होती, आणि कामावरून आल्यावर जेवून दोन तास बसायचं, मग डाव्या कुशीवर झोपायचं, हेही सुरू होतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तेव्हा श्रेय कशाला द्यायचं हे मला सांगता आलं नसतं. पुढच्या प्रसंगानं ते थोडं उलगडलं. दुसऱ्या महिन्यात भाच्याच्या लग्नात त्यांनी मित्रांबरोबर रात्री विड्या ओढल्या. गोळी चालू होती, जेवण साधं होतं, दारू ते घेत नाहीत. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी तीच आग, तसाच आंबट ढेकर. दोन दिवसांनी ते स्वतःच सांगायला आले. एका माणसाच्या एका रात्रीवरून सिद्धान्त करता येत नाही, पण त्यांच्यापुरतं ते पुरेसं होतं. त्यानंतर त्यांनी विडी हातात धरली नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. एक बँक अधिकारी माझ्याकडे येतात, वजन सत्त्याण्णव किलो, जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला. त्यांनी सिगारेट सोडली, मनापासून सोडली, आणि वर्षभरात पाच किलो वजन वाढलं. जळजळ तशीच राहिली. नॉर्वेतल्या नोर-त्रॉन्डेलाग जिल्ह्यात साडेएकोणतीस हजारांहून जास्त लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून एक पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१४ साली आला. तीव्र जळजळ असलेल्यांपैकी ज्यांचं वजन योग्य होतं आणि जे आठवड्यातून निदान एकदा तिच्यासाठी औषध घेत, त्यांनी रोजचं धूम्रपान सोडल्यावर जळजळ कमी होण्याची शक्यता चालू ठेवणाऱ्यांपेक्षा पाचपटीहून जास्त होती. वजन जास्त असलेल्यांत असा फायदा दिसला नाही. पोटाची चरबी जठरावर रात्रंदिवस दाब देते, तिथे झडपेचा दाब थोडा वाढून भागत नाही. त्या अधिकाऱ्यांना मी सांगितलं की हृदयासाठी, फुप्फुसांसाठी सोडलीत ते सार्थ आहेच, पोटासाठी मात्र आता वजन उतरवावं लागेल. ते निराश झाले नाहीत. आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं एवढंच म्हणाले. सोडण्याच्या दिवशीच वजनाचं बोलायला हवं, हे मी तेव्हापासून पाळते.

उपचार संपल्यावर चार आठवड्यांहून जास्त काळ थांबून, आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे बंद ठेवून, जॉबरांची श्वासाची तपासणी केली. युरियाचं द्रावण पाजतात आणि अर्ध्या तासानं पिशवीत श्वास भरून घेतात. जंतू असेल तर श्वासात त्याची खूण मिळते. यांच्यात मिळाली नाही. गोळी बंद केलेल्या त्या दोन आठवड्यांत पहिले काही दिवस त्यांना थोडं जळलं, आणि ते घाबरून आले, "सगळं परत यायलंय का?" ही गोळी बराच काळ घेऊन अचानक थांबवली की जठर काही दिवस नेहमीपेक्षा जास्त आम्ल करतं, एरवी पोट ठीक असलेल्यांनाही तेव्हा जळतं. त्यांना गरज पडेल तेव्हा साधं पातळ अँटासिड घ्यायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तेही लागेनासं झालं. गोळी नंतर पुन्हा सुरू करावी लागली नाही.

वहिनी अजून विड्या वळतात. पान, दोरा, सूप आणि तंबाखूची टोपली त्यांनी घरातून ओट्यावर हलवली आहे, कारण वासानं आपल्याला तलफ येते असं जॉबरांनी एकदा सांगितलं. वहिनींना स्वतःला आता कधीकधी खोकला येतो. तंबाखूच्या धुळीनं असेल म्हणून पुढच्या खेपेला दोघांनी मिळून यायचं आणि त्यांची छाती तपासायची, असं आम्ही ठरवलं आहे.